बजेट ठरलेले, प्रकल्प जास्त: प्रॉफिटॅबिलिटी इंडेक्सने निवड कशी करायची

कंपनीकडे या वर्षी भांडवली खर्चासाठी १०० लाख आहेत आणि वेगवेगळ्या विभागांनी मिळून २५० लाखांचे प्रस्ताव पाठवले आहेत. त्यातला एकही प्रस्ताव तोट्याचा नाही. पैशाची अडचण नसती तर नियम सोपा होता: ज्या प्रकल्पाचे निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, शून्याच्या वर आहे तो घ्यायचा. पण रक्कम ठरलेली असेल तर एक प्रकल्प घेतला की दुसऱ्याची जागा जाते. मग प्रकल्प चांगला आहे का, एवढे विचारून भागत नाही. त्यात घातलेल्या प्रत्येक लाखामागे किती मिळते, हे विचारावे लागते. प्रॉफिटॅबिलिटी इंडेक्स, थोडक्यात पीआय, याच प्रश्नाचे उत्तर देतो.

हे गुणोत्तर पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपते. प्रत्यक्ष वापरताना मात्र दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. छेदात नेमके काय घ्यायचे हे पहिले ठिकाण, आणि यादी तयार झाल्यावर तिच्यावर किती विसंबायचे हे दुसरे. म्हणून एकच उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत नेऊ.

## गुणोत्तर आणि त्याचा छेद

पीआय म्हणजे भविष्यातल्या सगळ्या रोख आवकेचे आजचे मूल्य भागिले आजची गुंतवणूक. उत्तर १ च्या वर आले तर एनपीव्ही धन, १ च्या खाली आले तर ऋण. काही कंपन्या अंशात थेट एनपीव्ही घेतात. त्यांचे उत्तर आपल्यापेक्षा बरोबर १ ने कमी येते, क्रम तोच राहतो. फक्त एकाच तक्त्यात दोन्ही पद्धती मिसळू देऊ नका. एका विभागाने ०.४० लिहिले आणि दुसऱ्याने १.३५, तर पहिला प्रकल्प वाईट दिसतो, प्रत्यक्षात तो सरस असतो.

छेदाबद्दल नियम एकच आहे: ज्या पैशाची टंचाई आहे, तेवढाच पैसा छेदात. या वर्षीच्या बजेटवर मर्यादा असेल तर या वर्षी त्या बजेटमधून जाणारी रक्कम खाली लिहायची. पुढच्या वर्षी करायचा खर्च, जर पुढच्या वर्षी टंचाई नसेल तर, आजच्या मूल्यात आणून अंशातून वजा करायचा. खेळते भांडवल याच बजेटमधून जाणार असेल तर तेही छेदात येते. प्रकल्प संपल्यावर ते परत मिळते म्हणून त्याला सोडून देण्याचा मोह होतो, पण भांडवलाचा खर्च वर्षाला १२ टक्के धरला तर त्या दराने १० वर्षांनी परत येणारे १० लाख आजच्या हिशेबात ३.२२ लाखच असतात. आज १० लिहायचे, अंशात ३.२२ मिळवायचे.

यापूर्वी झालेला खर्च, म्हणजे सर्वेक्षण, सल्लागाराची फी, जुनी चाचणी, यातले काहीही छेदात नको. तो पैसा प्रकल्प घेतला तरी गेला आणि नाकारला तरी गेला.

## सहा प्रस्ताव

एका उत्पादन कंपनीकडे सहा प्रस्ताव आहेत असे समजू. सगळे आकडे लाखांत आहेत, दर १२ टक्के आहे आणि आवक दरवर्षी सारखी, वर्षअखेरीस येते. 'क' म्हणजे जुन्या मोटर आणि कॉम्प्रेसर बदलून वीज वाचवणे. 'ख' म्हणजे पॅकिंग लाइनचे ऑटोमेशन. 'ग' म्हणजे दोन नवी सीएनसी मशीन. 'घ' म्हणजे गोदामातले रॅकिंग आणि माल हाताळणीची साधने. 'च' म्हणजे नव्या उत्पादनासाठी स्वतंत्र विभाग. 'छ' म्हणजे मेंटेनन्सचे सॉफ्टवेअर.

| प्रकल्प | गुंतवणूक | वार्षिक आवक | वर्षे | आवकेचे वर्तमान मूल्य | एनपीव्ही | पीआय |
|---|---|---|---|---|---|---|
| क | २० | ८.३ | ५ | २९.९२ | ९.९२ | १.५० |
| ख | ४५ | १५.३ | ६ | ६२.९० | १७.९० | १.४० |
| ग | ५५ | १५ | ८ | ७४.५१ | १९.५१ | १.३५ |
| घ | ३० | १०.५ | ५ | ३७.८५ | ७.८५ | १.२६ |
| च | ९० | १९.८ | १० | १११.८७ | २१.८७ | १.२४ |
| छ | १० | ३.७ | ४ | ११.२४ | १.२४ | १.१२ |

'क'चा हिशेब एकदा हाताने करून पाहू, म्हणजे बाकीच्या ओळी कुठून आल्या ते कळेल. पहिल्या वर्षीचे ८.३ लाख १.१२ ने भागले की ७.४१ होतात. दुसऱ्या वर्षीचे ८.३ दोनदा १.१२ ने भागले की ६.६२. पुढे ५.९१, ५.२७ आणि ४.७१. पाचही मिळून २९.९२. त्यातून २० वजा केले तर एनपीव्ही ९.९२, आणि २९.९२ ला २० ने भागले तर पीआय १.५०. म्हणजे 'क'मध्ये घातलेला प्रत्येक लाख स्वतःची वसुली करून, भांडवलाचा १२ टक्के खर्च भागवून, वर आजचे अर्धा लाख देतो.

स्प्रेडशीटमध्ये हेच करताना सूत्र असे असते. गुंतवणूक `B` स्तंभात आणि वर्षवार आवक `C` ते `L` मध्ये आहे असे धरले आहे.

```
M2:  =NPV(12%,C2:L2)
N2:  =M2-B2
O2:  =M2/B2
```

इथे एक जुनी चूक वारंवार दिसते. `NPV` हे फंक्शन दिलेल्या पट्ट्यातली पहिली रक्कम एका वर्षानंतरची धरते. आजची गुंतवणूकही त्याच पट्ट्यात टाकली तर सगळेच एक वर्ष पुढे ढकलले जाते आणि 'क'चे एनपीव्ही ९.९२ ऐवजी ८.८६ येते. चिन्ह बदलत नाही, म्हणून चूक डोळ्यांत भरत नाही. ओळखायची खूण अशी: आलेल्या उत्तराला १.१२ ने गुणून पाहा. हाताने काढलेला आकडा मिळाला तर गुंतवणूक पट्ट्यात शिरली आहे. दुसरी गोष्ट रिकाम्या खान्यांची. मधले एखादे वर्ष आवक नसेल आणि खाना रिकामा सोडला, तर एक्सेल तो खाना वगळते आणि पुढची सगळी आवक एक वर्ष अलीकडे आणते. तिथे `0` टाइप करायचे.

## यादी लावण्याआधी तीन गोष्टी बाजूला काढा

काही प्रकल्प क्रमाच्या बाहेरचे असतात. कायद्याने करावाच लागणारा सुरक्षेचा किंवा प्रदूषण नियंत्रणाचा खर्च पीआयच्या यादीत घालू नका. तो आधी बजेटमधून वजा करा आणि उरलेल्या रकमेसाठी क्रम लावा. नाहीतर त्याचा पीआय ०.६ दिसतो आणि बैठकीत अर्धा तास त्याच्यावरच जातो.

एकमेकांवर अवलंबून असलेले प्रकल्प जोडीने मांडा. एका मशीनशिवाय दुसऱ्याचा उपयोग नसेल तर दोघांचा मिळून एक प्रस्ताव, एक गुंतवणूक, एक पीआय.

तिसरी गोष्ट जास्त नाजूक आहे: एकाच कामाचे दोन पर्याय. समजा 'क'ची मोठी आवृत्तीही शक्य आहे. तिला ३५ लाख लागतात, ती पाच वर्षे दरवर्षी १३.२ लाख देते, आवकेचे वर्तमान मूल्य ४७.५८, एनपीव्ही १२.५८ आणि पीआय १.३६. यादीत ती 'ग'च्या किंचित वर बसते, आणि कोणीही म्हणेल की 'ग'आधी हीच घ्या. पण लहान आवृत्ती २० लाखांत ९.९२ देतच होती. मोठी घेऊन आपण जास्तीचे १५ लाख घालतो आणि त्याबदल्यात जास्तीचे २.६६ लाख एनपीव्ही मिळवतो. त्या वाढीव १५ लाखांचा पीआय १.१८ आहे. तो 'ग' आणि 'घ' तर सोडाच, 'च'च्याही खाली येतो.

म्हणून पर्यायांच्या बाबतीत लहान आवृत्ती एक ओळ आणि 'मोठी करण्याची वाढ' ही दुसरी ओळ असे लिहा. वाढीची ओळ लहानी घेतल्याशिवाय घेता येत नाही, एवढी अट जोडली की पीआयचा क्रम पुन्हा खरा बोलू लागतो. आपल्या उदाहरणात १.१८ ची ही वाढ बजेटमध्ये बसत नाही, त्यामुळे पुढे लहान 'क'च धरू.

## वरून खाली उतरत जा

आता पीआयच्या क्रमाने पैसे वाटू. 'क'ला २०, 'ख'ला ४५, झाले ६५. उरले ३५. पुढचा 'ग' ५५ मागतो, बसत नाही. त्याला ओलांडून 'घ'ला ३० दिले, झाले ९५. 'च' आणि 'छ' दोन्ही उरलेल्या ५ लाखांत बसत नाहीत. हातात आले क, ख आणि घ, एकूण एनपीव्ही ३५.६७.

तुलनेसाठी एनपीव्हीच्या क्रमाने वाटप केले असते तर काय झाले असते ते पाहा. सर्वांत मोठे एनपीव्ही 'च'चे, २१.८७. तो ९० लाख खाऊन बसतो. उरलेल्या १० लाखांत फक्त 'छ' बसतो. एकूण २३.११. म्हणजे तेवढ्याच पैशात साडेबारा लाखांचे मूल्य हातचे गेले. पीआय वापरण्याचे कारण या एका फरकात आहे. मोठा प्रकल्प मोठे एनपीव्ही दाखवतो, पण तो आणखी कोणाची जागा अडवतो ते एनपीव्हीच्या क्रमात कुठेच दिसत नाही.

बऱ्याच ठिकाणी काम इथेच थांबते. मला विचाराल तर खरे काम इथे सुरू होते.

## क्रम बरोबर, निवड चुकीची

पीआयच्या क्रमाने खाली उतरण्याची पद्धत हमखास बरोबर उत्तर कधी देते? प्रकल्पाचा हवा तेवढा तुकडा घेता येत असेल तेव्हा. 'ग'च्या ५५ लाखांपैकी ३५ लाखच घालून त्याच प्रमाणात आवक मिळाली असती, तर क, ख आणि 'ग'चा तेवढा भाग हीच सर्वोत्तम निवड ठरली असती. पण दोन सीएनसी मशीनपैकी सव्वा मशीन कोणी विकत नाही. प्रकल्प अखंड असला की यादीतला एक मोठा तुकडा बसत नाही, थोडी रक्कम पडून राहते, आणि पीआयला त्या पडलेल्या रकमेची कल्पनाच नसते.

ख आणि ग एकत्र घेऊन पाहा. ४५ अधिक ५५, बरोबर १००. एकूण एनपीव्ही ३७.४१. हे क, ख, घ यांच्यापेक्षा १.७४ लाखांनी जास्त आहे, आणि यात यादीतला पहिल्या क्रमांकाचा 'क' चक्क बाहेर आहे. पहिल्यांदा पाहताना हे पचत नाही. १.५० चा प्रकल्प सोडून १.३५ चा घ्यायचा? पण आपल्याला सरासरी पीआय मोठा करायचा नाही. एकूण एनपीव्ही मोठे करायचे आहे. 'क' आणि 'घ' मिळून ५० लाखांत १७.७७ देतात आणि ५ लाख पडून राहतात. 'ग' तेच ५० आणि पडून राहिलेले ५ वापरून १९.५१ देतो.

त्यामुळे पीआयची यादी ही सुरुवात समजा आणि निर्णय जुळणीवर घ्या. यादीवरून एक प्राथमिक जुळणी करा, मग अदलाबदल करून पाहा. न बसलेला पहिला प्रकल्प आत आणायला कोणाला बाहेर काढावे लागेल, आणि एकूण एनपीव्ही वाढते का, एवढा एकच प्रश्न. सहा प्रकल्प असतील तर एकूण जुळण्या ६४ होतात, त्यातल्या बऱ्याच बजेटबाहेर जातात. अर्ध्या तासात सगळ्या तपासून होतात. पंधरा प्रकल्प झाले की जुळण्या ३२,७६८ होतात आणि हाताने जमत नाही. तेव्हा एक्सेलमधला सॉल्व्हर वापरा. प्रत्येक प्रकल्पासमोर ० किंवा १ असा एक खाना ठेवायचा:

```
Objective (Max):  =SUMPRODUCT(N2:N7,P2:P7)
Constraint:       =SUMPRODUCT(B2:B7,P2:P7)  <=  100
Constraint:       P2:P7 = bin
Method:           Simplex LP
```

दोन पर्यायांपैकी एकच घ्यायचा असेल तर त्यांच्या खान्यांची बेरीज १ पेक्षा जास्त नको अशी आणखी एक अट. वाढीच्या ओळीसाठी तिचा खाना लहान आवृत्तीच्या खान्यापेक्षा मोठा नको. एक गोष्ट मात्र तपासा: सॉल्व्हरच्या पर्यायांत पूर्णांक अटींची सूट, `Integer Optimality (%)`, ठरलेल्या सेटिंगमध्ये शून्याच्या वर असू शकते. ती ० करा, नाहीतर तो सर्वोत्तम जुळणीच्या जवळ पोहोचून थांबू शकतो.

## किती जवळ आलो हे कसे कळेल

हाताने जुळवताना सतत वाटत राहते की याहून चांगली जुळणी राहून तर गेली नाही ना. यासाठी पीआयच्या यादीचाच एक फार उपयोगी वापर आहे, आणि तो लोक क्वचितच करतात.

प्रकल्पाचे तुकडे करता येतात असे क्षणभर धरा आणि बजेट शेवटच्या लाखापर्यंत वापरा. क, ख पूर्ण, आणि 'ग'चे ५५ पैकी ३५ लाख. एकूण एनपीव्ही ९.९२ अधिक १७.९० अधिक १२.४२, म्हणजे ४०.२४. हे कमाल छत आहे. अखंड प्रकल्पांची कोणतीही जुळणी १०० लाखांत याच्या वर जाऊ शकत नाही. आपली ३७.४१ ची जुळणी छतापासून २.८३ ने दूर आहे. हे अंतर एवढे लहान असेल की उरलेल्या शोधातून फारसे मिळण्यासारखे नाही, तर तिथे थांबायला हरकत नाही. अंतर मोठे असेल तर बजेट आणि प्रकल्पांचे आकार एकमेकांत नीट बसत नाहीत, हे समजून अदलाबदल चालू ठेवा.

## आकड्यांना किती भार पेलतो

आता १.७४ लाखांच्या त्या फायद्याकडे पुन्हा पाहू. 'ग'ची वार्षिक आवक १५ ऐवजी १४.६५ निघाली तर हा फायदा शून्य होतो. म्हणजे अंदाजात सव्वादोन टक्क्यांच्या आसपास घट झाली की निर्णय उलटतो. आठ वर्षांचा आवकेचा अंदाज एवढा अचूक कोणीच करू शकत नाही.

म्हणून दोन जुळण्यांमधला फरक काढला की लगेच हा उलट हिशेब करा: आत आलेल्या प्रकल्पाची आवक किती घसरली तर फायदा संपतो? फरकाला वार्षिकी घटकाने, म्हणजे दरवर्षी येणाऱ्या एका लाखाच्या एकूण वर्तमान मूल्याने, भागले की उत्तर मिळते. १२ टक्के आणि ८ वर्षांसाठी तो घटक ४.९६८ आहे, १.७४ भागिले ४.९६८ म्हणजे वर्षाला ०.३५ लाख. एवढ्या थोड्या फरकावर निर्णय टेकला असेल तर त्याला आकड्यांचा निर्णय म्हणू नका. दोन्ही जुळण्या सारख्याच चांगल्या आहेत असे लिहा आणि बाकीच्या गोष्टींवर ठरवा. 'क'चे पैसे पाच वर्षांत मिळतात आणि विजेची बचत मीटरवर मोजता येते. 'ग'ची आवक ऑर्डरवर अवलंबून आहे आणि आठ वर्षे पसरली आहे. माझ्या मते इथे क, ख, घ ही जुळणी घेणारा व्यवस्थापक चुकत नाही. मात्र च आणि छ ही जुळणी घेणारा नक्की चुकतो, कारण तिथला फरक अंदाजाच्या चुकीत सामावण्याएवढा लहान नाही.

जोखमीबद्दल एक सूचना. 'च' नवे उत्पादन आहे, त्याची जोखीम मोटर बदलण्यापेक्षा जास्त. ही जोखीम दरात घाला, पीआय काढून झाल्यावर मनाने दोन-चार दशांश कमी करू नका. 'च'ला १५ टक्के दर लावला तर त्याचे एनपीव्ही २१.८७ वरून ९.३७ वर येते आणि पीआय १.१० होतो, तो 'छ'च्याही खाली शेवटच्या क्रमांकावर जातो. लांब मुदतीच्या प्रकल्पावर दराचा परिणाम किती तीव्र असतो, ते यातून दिसते.

## पडून राहिलेले पैसे आणि जास्तीचे पैसे

क, ख, घ घेतल्यावर ५ लाख उरतात. त्यांचे एनपीव्ही शून्य धरले आहे, म्हणजे ते भांडवलाच्या खर्चाएवढेच, १२ टक्के, कमावतात असे मानले आहे. ते बँकेत वर्षभर ६ टक्क्यांनी पडून राहणार असतील तर आजच्या हिशेबात सुमारे ०.२७ लाखांचे नुकसान आहे. आकडा लहान आहे, पण जुळण्यांमधला फरकही लहानच असतो, तेव्हा तो मोजा. उरलेली रक्कम पुढच्या वर्षी नेता येते की वर्षअखेर परत जाते, हे आधी विचारून घ्या.

उलट दिशेने पाहिले तर आणखी मोलाची माहिती मिळते. बजेट १०० ऐवजी १२० असते तर क, ख, ग तिन्ही बसले असते आणि एकूण एनपीव्ही ४७.३३ झाले असते. म्हणजे जास्तीच्या २० लाखांची किंमत ९.९२ लाख आहे. ५ लाख वाढवून मात्र काहीच मिळत नाही: क, ख, घ, छ मिळून १०५ लाखांत ३६.९१ होतात, ते ख आणि ग यांच्या ३७.४१ पेक्षा कमीच. बजेट वाढवून मागायचे असेल तर गोल आकडा मागू नका. कोणत्या आकड्याला उडी येते ते दाखवून तेवढेच मागा.

मर्यादा कुठून आली, हाही प्रश्न इथेच सुटतो. बाहेरून कोणीही पैसा द्यायला तयार नसेल तर १०० म्हणजे १००. पण व्यवस्थापनाने स्वतःच शिस्त म्हणून ती रेषा ओढली असेल, तर २० लाखांमागे ९.९२ लाख सोडण्याएवढी ती शिस्त महत्त्वाची आहे का, हे त्यांच्यासमोर आकड्यात ठेवा.

## एका वर्षापलीकडे

मशीन पुरवठादार म्हणाला, 'ग'चे ३५ लाख आज द्या, २० लाख वर्षानंतर द्या, व्याज नको. आता 'ग'चा छेद ३५ होतो. वर्षानंतरचे २० लाख आजचे १७.८६ होतात, ते अंशातून वजा. ७४.५१ वजा १७.८६ म्हणजे ५६.६५, भागिले ३५, पीआय १.६२. 'ग' यादीत पहिला आला, आणि क, ख, ग तिन्ही १०० लाखांत बसले. एकूण एनपीव्ही ४९.४७.

पुढच्या वर्षी पैशाची टंचाई नसेल तर हा फायदा खरा आहे आणि पुरवठादाराशी अशी बोलणी करायलाच हवीत. पण पुढच्या वर्षीही बजेट तेवढेच घट्ट असेल तर ते २० लाख फुकटचे नाहीत. ते पुढच्या वर्षीच्या एखाद्या 'क'ची जागा घेतील. पीआयला हे दिसत नाही, कारण त्याच्या छेदात एकाच वर्षाची टंचाई मावते. याच कारणाने काही विभाग यंत्र विकत घेण्याऐवजी भाड्याने घेण्याचा प्रस्ताव आणतात: आजची रक्कम छोटी, पीआय एकदम वर. एखाद्या प्रस्तावाचा पीआय अचानक २ च्या पुढे दिसला तर आधी पहिल्या तीन वर्षांची जावक ओळीने लिहून पाहा.

उलट बाजूही आहे. टंचाई बरीच वर्षे टिकणार असेल तर 'क' दरवर्षी परत देत असलेले ८.३ लाख पुढच्या वर्षीच्या बजेटला हातभार लावतात, आणि 'च'चे पैसे दहा वर्षे अडकून राहतात. हा फरकही एका वर्षाच्या पीआयमध्ये उतरत नाही.

हा पेच नवा नाही. जेम्स लॉरी आणि लेनर्ड सॅव्हेज यांनी १९५५ मध्ये एकापेक्षा जास्त वर्षांच्या मर्यादेचा प्रश्न मांडला आणि १९६३ मध्ये मार्टिन वाइनगार्टनर यांनी तो गणिती प्रोग्रॅमिंगने सोडवण्याची चौकट दिली. व्यवहारात ती चौकट म्हणजे वर दिलेल्या सॉल्व्हरमध्ये आणखी एक-दोन ओळी. प्रत्येक वर्षाच्या जावकेसाठी वेगळा स्तंभ ठेवा आणि दरवर्षीच्या बेरजेला त्या वर्षीच्या बजेटची अट लावा. आपल्या उदाहरणात 'ग'ची ३५ आणि २० अशी विभागणी दोन स्तंभांत गेली, पुढच्या वर्षीचे संभाव्य प्रस्तावही त्याच तक्त्यात आले, की २० लाखांची खरी किंमत आपोआप हिशेबात येते. पुढच्या वर्षीचे प्रस्ताव अजून नेमके माहीत नसतील तर या वर्षीच्या शेवटच्या निवडलेल्या प्रकल्पाचा पीआय त्यांचा अंदाज म्हणून वापरा. तो १.२६ असेल, तर पुढच्या वर्षी खर्च होणाऱ्या प्रत्येक लाखावर त्या वर्षीचे ०.२६ लाख जास्तीचा भार धरा. २० लाखांवर तो ५.२ लाख होतो, आजच्या मूल्यात ४.६४. पुरवठादाराच्या सवलतीमुळे एकूण एनपीव्ही ३७.४१ वरून ४९.४७ वर, म्हणजे १२.०६ ने वाढले होते. त्यातून हे ४.६४ वजा केले तरी ७.४२ लाख उरतात. सवलत अजूनही घेण्यासारखी आहे, आणि बोलणी करताना पुरवठादाराला व्याज म्हणून जास्तीत जास्त किती देता येईल, ती मर्यादाही आता हातात आहे.